अण्णांचं घड्याळ: सुरक्षित परिघाच्या नोंदी

शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५, सातारा

दिवाळीपासून आजपर्यंत अण्णा तीनदा एकटे एसटी स्टँडवर गेले. घरापासून स्टँड दोन किलोमीटरच्या वर आहे. तिन्ही वेळा दुपारी तीन ते साडेतीनच्या दरम्यान निघाले आणि तिन्ही वेळा आईला चहा करताना लक्षात आलं. दोनदा ओळखीच्या रिक्षावाल्यानं आणून सोडलं. तिसऱ्यांदा मात्र ते स्टँडच्या बाहेर, पोवई नाक्याच्या रहदारीत उभे होते आणि घर कुठल्या बाजूला ते त्यांना आठवत नव्हतं.

अण्णांचं वय ७९. नोकरी सगळी एसटीत, शेवटची अकरा वर्षं वाहतूक नियंत्रक. गेल्या वर्षी डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगितला. घरात आम्ही "अण्णा भटकतात" असं म्हणायला लागलो होतो. आज आई चिडून म्हणाली, "भटकायला ते काय भटकं जनावर आहेत? ड्यूटीला जातात ते." शब्द बदलला. या वहीत "बाहेर पडणं" असाच लिहीन.

ठरलं ते असं: सिम घालता येणारं जीपीएस घड्याळ घ्यायचं आणि अण्णा ठरलेल्या परिघाबाहेर गेले की आमच्यापैकी कुणाला तरी सूचना जावी. अटी दोन. घड्याळ लहान मुलांचं दिसता कामा नये, आणि त्यात वेळ मोठ्या आकड्यांत दिसली पाहिजे. आयुष्यभर मनगटावर एचएमटी बांधलेल्या माणसाला निळ्या रबराचं कार्टूनवालं घड्याळ देण्यापेक्षा काहीच न दिलेलं बरं.

रविवार, ९ नोव्हेंबर

ऑर्डर देण्याआधी अण्णा मुळात कुठं कुठं जातात ते पाहिलं. चोरून मागं जायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून सरळ विचारलं, "अण्णा, मी पण येऊ का?" "चल की." सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा त्यांच्यासोबत चाललो.

सकाळी मंगळवार तळ्याकडे. तिथल्या एका बाकावर अर्धा तास. येताना मारुतीचं देऊळ, न्हाव्याच्या दुकानात पाच मिनिटं पेपर. हे सगळं घराच्या पश्चिमेला आहे. नकाशावर मोजलं तर बाक घरापासून ३४० मीटर. या वाटेवर ते कधीच चुकलेले नाहीत, आई सांगते. इथं सगळे त्यांना ओळखतात, नमस्कार करतात. स्टँड मात्र पूर्वेला: राजवाडा, मोती चौक आणि मग सरळ खाली.

चालण्याचा वेगही मोजला, कारण तो पुढं लागणार आहे. मिनिटाला साधारण ५० मीटर, म्हणजे ताशी तीन किलोमीटर. अण्णांच्या वयाला चांगलाच.

शनिवार, १५ नोव्हेंबर

घड्याळ आलं. फोरजी आहे. टूजीवालं निम्म्या किमतीत मिळत होतं, पण सगळ्या सिमकंपन्यांकडे टूजी नाही. काळं, चौकोनी, बऱ्यापैकी माणसाचं दिसतं. चालू करण्याआधी अण्णांशी बोललो. हे बोलणं पुढं ढकलत आठवडा घालवला होता, हे इथं कबूल करतो.

जेवणं झाल्यावर सांगितलं, "अण्णा, या घड्याळात तुम्ही कुठं आहात ते आम्हाला फोनवर दिसतं. लांब गेलात तर कळतं."

बराच वेळ गप्प. मग, "म्हणजे माझ्यावर पाळत?"

"हो, थोडीफार पाळतच आहे," मी म्हणालो. इथं खोटं बोलण्याचा मोह फार होतो. तब्येतीचं घड्याळ आहे, पावलं मोजतं, सरकारनं दिलंय. ताईनं फोनवर तेच सुचवलं होतं. पण ज्या दिवशी त्यांना कळेल त्या दिवशी ते घड्याळ काढून ठेवतील, आणि आमच्यावरचा विश्वासही.

मग त्यांनीच रस्ता काढला. "गाडी डेपोतून सुटली की कंट्रोलरला नोंद पाहिजेच. गाडीचा अपमान होत नाही त्यात." थोड्या वेळानं पुढं, "पण ड्रायव्हरला दर मैलाला फोन करायचा नाही."

त्यांनी आईची हिशेबाची वही मागवून घेतली आणि अटी स्वतःच्या हातानं लिहिल्या. अक्षर हललंय, पण शिस्त तीच.

एक: घड्याळातून माझं बोलणं ऐकायचं नाही. दोन: उगाच फोन नाही. तीन: साऱ्या नातेवाइकांना दाखवायचं नाही. मागं कुठं कुठं गेलो तेही दिसतं का, असं विचारलं. दिसतं, म्हणालो. चौथी अट: कारण नसता मागचं उघडायचं नाही.

खाली सही आणि तारीख. उद्या हे बोलणं त्यांना आठवेलच असं नाही. म्हणून वही घड्याळाच्या चार्जरशेजारीच ठेवली आहे. रोज सकाळी आई घड्याळ हातात देताना विचारणार, "घालताय ना?" नाही म्हणाले तर जबरदस्ती नाही, त्या दिवशी कुणीतरी सोबत जायचं.

रविवार, १६ नोव्हेंबर

सिम घातलं, ॲप जोडलं, नकाशा उघडला. अण्णा समोर खुर्चीवर बसलेले आणि नकाशावर ते सव्वा किलोमीटर लांब, कुणाच्या तरी शेतात.

याचं कारण समजून घेण्यात निम्मा दिवस गेला, पण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. घड्याळ जागा तीन रीतींनी शोधतं. आभाळ दिसत असेल तर उपग्रहांवरून, म्हणजे जीपीएस. मोकळ्या जागी चूक पाच-दहा मीटर, आमच्या पेठेतल्या बोळात तीस-चाळीस. घरात उपग्रह दिसत नाहीत तेव्हा आसपासच्या वायफायवरून, अंदाज बरा. तेही जमलं नाही तर मोबाइलच्या टॉवरवरून, आणि ती चूक शेकडो मीटरपासून किलोमीटरच्या वरही जाते. ॲपमध्ये ठिपक्याखाली बारीक अक्षरांत `GPS`, `WIFI` किंवा `LBS` असं लिहिलेलं असतं. `LBS` म्हणजे टॉवर. शेतातला ठिपका `LBS` होता.

आमच्या घराच्या दक्षिणेला अजिंक्यतारा उभा आहे, म्हणजे त्या बाजूचं आभाळ तसंही थोडं कमीच. घड्याळ गच्चीवर उघड्यावर ठेवलं, वीस मिनिटांनी पहिला खरा जीपीएस ठिपका आला. पहिल्यांदा वेळ लागतोच, नंतर लवकर सापडतं. ॲपमध्ये वायफायवरून शोधण्याचा पर्याय बंद होता, तो चालू केला.

या जातीच्या बऱ्याच घड्याळांना एसएमएसनं हुकूम देता येतात. आमच्याला देता येतात. पुस्तिकेत होते ते असे:

```
pw,123456,ts#
pw,123456,lz,0,5.5#
pw,123456,upload,300#
```

पहिल्यानं घड्याळ आपली हकिगत कळवतं: बॅटरी किती, जीपीएस सापडतंय का, किती सेकंदांनी जागा पाठवतं. दुसरा हुकूम मला अण्णांमुळे शोधावा लागला. घड्याळ मनगटावर बांधून त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे अडीच तास पुढं आहे." खरंच होतं. आतला प्रदेश चीनचा होता, ग्रीनिचच्या आठ तास पुढचा. आपण साडेपाच तास पुढं. मी सकाळपासून ते घड्याळ हाताळत होतो आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं.

`123456` हा कारखान्यातून आलेला पासवर्ड, आणि तोच ठेवला तर घड्याळाचा नंबर माहीत असलेला कुणीही हे हुकूम देऊ शकतो. २०१९ मध्ये एका सुरक्षा कंपनीनं अशी सुमारे सहा लाख ट्रॅकर यंत्रं याच पासवर्डवर चालू असल्याचं दाखवलं होतं. एसएमएसचा आणि ॲपचा, दोन्ही पासवर्ड बदलले.

अट क्रमांक एक: लांबून गुपचूप ऐकण्याची सोय या घड्याळात आहे. ॲपमध्ये तिला गोड नाव दिलंय. जर्मनीनं २०१७ मध्ये अशी सोय असलेली मुलांची घड्याळं विकायला बंदीच घातली. आमच्या ॲपमध्ये ती बंद करता येत नाही, पण त्यासाठी लागणारा नंबर रिकामा ठेवता येतो. रिकामा ठेवला, अण्णांना स्क्रीन दाखवली. त्यांनी वहीत पहिल्या अटीपुढं बरोबरची खूण केली.

शनिवार, २२ नोव्हेंबर

आठवडाभर परीघ २०० मीटर ठेवला होता, मध्यभागी घर. ॲप गोल परीघच देतं आणि २०० च्या खाली जात नाही.

सगळा फज्जा. पहिल्या दोन दिवसांत अकरा सूचना, त्यातल्या नऊ खोट्या. सकाळी तळ्याकडे निघाले की सूचना, कारण बाक ३४० मीटरवर. रात्री घड्याळ माजघरात फडताळात, दोन फुटी भिंतींच्या आत, मग ठिपका टॉवरवर उडी मारतो आणि रात्री पावणेतीनला फोन बोंबलतो की अण्णा बाहेर पडले. अण्णा घोरत होते. तिसऱ्या दिवशी दादानं (राजवाड्याजवळ पेढ्यांचं दुकान असलेला चुलत भाऊ) फोनचा आवाज बंद करून टाकला. त्याला दोष देत नाही. पण खोट्या सूचनांचं खरं नुकसान तेच, की खरी येईल तेव्हा कुणी बघणार नाही.

परीघ सरळ ४०० करून पाहू असं वाटलं होतं. पण मग स्टँडच्या बाजूलाही ४०० मोकळे मिळतात, आणि काळजी तर त्याच बाजूची आहे. नकाशावर बोट फिरवत बसलो असताना लक्षात आलं, की परिघाच्या मध्यावर घरच असलं पाहिजे असा नियम कुणी केला?

मध्यबिंदू घरापासून १२० मीटर पश्चिमेला, तळ्याच्या वाटेवर सरकवला. आता तिथून बाक २२० मीटर. त्रिज्या ३००. म्हणजे बाकाच्या पुढंही ८० मीटर सैल जागा राहते, जीपीएसची चूक तिच्यात जिरते. आणि पूर्वेला, स्टँडच्या बाजूला, हद्द घरापासून ३०० वजा १२०, म्हणजे १८० मीटरवरच येते. जिथं त्यांना वाट माहीत आहे तिथं मोकळीक, जिथं त्यांची वाट चुकते तिथं लवकर कळतं. एका गोलानं एवढं जमेल असं वाटलं नव्हतं.

रात्री ९ ते सकाळी ६ सूचना बंद. त्या वेळेसाठी दाराच्या कडीला जुनीच पितळी घंटी बांधली, आईला ती पुरते.

रविवार, २३ नोव्हेंबर

सूचना किती उशिरा येते याचा हिशेब. हे न करता बरेच लोक घड्याळावर विसंबतात.

घड्याळ सतत पाहत नसतं, ठरावीक वेळानं एकदा जागा पाठवतं. कारखान्यातून दर दहा मिनिटांनी होतं. समजा अण्णांनी हद्द ओलांडली आणि नेमकं एक क्षण आधीच घड्याळानं जागा पाठवली होती. पुढची दहा मिनिटांनी. तोवर ते ५०० मीटर पुढं. हद्द १८० वर, म्हणजे सूचना येईल तेव्हा ते घरापासून ६८० मीटरवर असू शकतात. राजवाडा ओलांडून मोती चौकाच्या गर्दीत.

दोन मिनिटांचं अंतर ठेवून पाहिलं. १८० अधिक १००, म्हणजे २८०, उत्तम. पण संध्याकाळी सातला बॅटरी १४ टक्के, आणि दुसऱ्या दिवशी आई चार्जिंगला लावायला विसरली तर दुपारी तीनला घड्याळ मेलेलं. मेलेलं घड्याळ सूचना देत नाही.

पाच मिनिटांवर आलो, तोच वरचा `300`, सेकंदांत. वाईटात वाईट १८० अधिक २५०, म्हणजे ४३०, राजवाड्याच्या आसपास. रात्री नऊला बॅटरी ४० टक्क्यांच्या आगेमागे राहते. आणि राजवाड्याजवळच दादाचं दुकान. हा योगायोग हिशेबात धरला आहे, नसता तर दुसरं काही बघावं लागलं असतं.

शनिवार, २९ नोव्हेंबर

आज रंगीत तालीम. घड्याळ माझ्या मनगटावर, मी स्टँडकडे चालायला लागलो, वेळ दुपारी ३.०५. माझ्या फोनवर सूचना ३.११ ला. दादाच्या फोनवर ३.५८ ला! तेव्हा मी स्टँडवर चहा पिऊन परत निघालो होतो.

दोष घड्याळाचा नव्हता. बॅटरी वाचवायला फोन मागं चालणारी ॲप झोपवतो, आणि दादानं ॲप आठवडाभर उघडलंच नव्हतं. फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपच्या `Battery` मध्ये जाऊन `Unrestricted` केलं, आपोआप सुरू होण्याची परवानगी दिली, आणि "व्यत्यय नको" चालू असतानाही त्याचा आवाज वाजेल असं केलं. पुन्हा चालून पाहिलं. या खेपेला दोघांनाही एकाच मिनिटात. फोन अपडेट झाला की हे पर्याय कधीकधी पूर्ववत होतात, म्हणून महिन्याच्या पहिल्या शनिवारी ही तालीम पुन्हा करायची.

नकाशा कुणाला दिसणार तेही ठरलं. मी, ताई आणि दादा. पुतण्यानं उत्साहानं स्वतःला जोडून घेतलं होतं आणि मित्राला "आजोबा लाइव्ह" दाखवत होता. त्याला काढलं. थोडा रुसलाय. अट क्रमांक तीन.

सूचना आल्यावर काय करायचं ते दादाला नीट सांगितलं, कारण खरं काम तिथं सुरू होतं. आधी ठिपक्याखालचं अक्षर पाहायचं. `LBS` असेल तर आईला फोन, अण्णा घरात आहेत का एवढंच विचारायचं. `GPS` असेल तर दुकानातून बाहेर पडायचं. मागून हाक मारायची नाही, दंडाला धरायचं तर मुळीच नाही. पुढून यायचं, थांबायचं, "अण्णा, कुठली गाडी?" असं विचारायचं. लगेच वळवायचं नाही, थोडं त्यांच्याच दिशेनं सोबत चालायचं. वळायची गोष्ट नंतर, चहाच्या निमित्तानं. दादा म्हणाला, "आणि रागावू नको, हे सांगायचं राहिलं तुझं." त्याला माहीत होतं की ते मलाच जास्त लागू आहे.

मंगळवार, २ डिसेंबर

पहिली खरी. मी पुण्यात ऑफिसात होतो.

३.३३ ला सूचना, `GPS`. दादाला फोन लावेपर्यंत त्याचाच आला, "निघालोय." ३.३८ चा ठिपका राजवाड्यासमोर. मग मी काही करायचं नव्हतं, आणि तेच सगळ्यांत अवघड होतं. दर मिनिटाला नकाशा ओढून ताजा करत होतो. ठिपका पाच मिनिटांनीच हलणार हे मीच ठरवलं होतं.

दादानं रात्री सांगितलं ते असं. अण्णा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून निघाले होते. "कुठली गाडी?" म्हटल्यावर म्हणाले, "साडेचारची स्वारगेट विनाथांबा. फलाट मोकळा करायचा आहे." दादानं त्यांना परत फिरवायचा प्रयत्न केलाच नाही. रिक्षा केली आणि दोघं स्टँडवर गेले. बाकावर बसले. अण्णांनी अर्धा तास गाड्या येताना-जाताना पाहिल्या, एका कंडक्टरला पाटी वाकडी आहे म्हणून हटकलं, त्यानं सरळ केली. मग स्वतःच उठले, "चला, सुटलो आपण." ४.५० ला घरी. चहा मागितला, शांत होते. इतर दिवशी या वेळी त्यांची दारापाशी येरझार चालू असते.

दुकान सव्वा तास कामगारावर सोडावं लागलं याबद्दल दादानं चकार शब्द काढला नाही. मी काढायला हवा.

रविवार, ७ डिसेंबर

दोन बदल. पहिला यंत्रात: स्टँडभोवती दुसरा परीघ, २०० मीटर, आत आल्यावर सूचना. घराचा परीघ कुणाच्या नजरेतून निसटला तरी अण्णा स्टँडवर पोचल्याचं कळेल. स्टँडचं आवार उघडं आहे, तिथं जीपीएस चोख मिळतं.

दुसरा बदल यंत्राबाहेरचा. मंगळवारी आणि शनिवारी दुपारी तीनला अण्णांना कुणीतरी स्टँडवर घेऊन जायचं. मंगळवारी शेजारचे निवृत्त काका तयार आहेत, शनिवारी मी. त्या दिवशी सूचना येणारच, ती आली की दादानं दुकान सोडायचं नाही, एवढं ठरलं.

गुरुवार, ११ डिसेंबर

आज घड्याळ दिवसभर घरात "सुरक्षित" होतं आणि अण्णा नव्हते.

सकाळी आंघोळीनंतर त्यांनी एचएमटी बांधलं. आईनं दुसरं विचारलं तर म्हणाले, "घातलंय की." मनगटावर घड्याळ पाहून तीही फसली. ३.४० ला स्टँडवरच्या चहावाल्याचा फोन आला, "कंट्रोलरसाहेब इथं बसलेत, एकटेच आहेत." शर्टाच्या खिशात आतून शिवलेल्या पट्टीवर दादाचा नंबर होता, तो उपयोगी पडला. पट्टीवर नाव-पत्ता मुद्दाम लिहिलेला नाही, फक्त नंबर.

घड्याळ हे घड्याळाचीच जागा सांगतं. ते माणसाच्या हातात आहे की फडताळात, हे आमच्या घड्याळाला कळत नाही. ओळखायची एक खूण ॲपमध्ये होती आणि मी पाहिली नव्हती: पावलांचा आकडा. दुपारी दोनला शून्य. अण्णा सकाळीच तळ्यावर जाऊन येतात, म्हणजे अकराला शून्य दिसलं की घड्याळ घातलेलंच नाही. आजपासून अकराचा आकडा ताई पाहणार. फक्त आकडा, नकाशा नाही.

आणखी एक गोष्ट आईला आज सांगितली. अण्णा घरात नाहीत आणि घड्याळावरही सापडत नाहीत असं झालं, तर ओळखीच्या दोन-तीन जागा पाहून सरळ ११२ ला फोन. चोवीस तास थांबायचं असतं हा समज चुकीचा आहे. अण्णा सकाळी बाहेर पडताना कुठला शर्ट आहे ते लक्षात ठेवायचं.

शनिवार, १३ डिसेंबर

एचएमटीचं काय करायचं यावर घरात तीन मतं होती. ताईचं मत, लपवून ठेवा. अण्णांनाच विचारलं. दोन्ही घड्याळं टेबलावर ठेवली. त्यांनी एचएमटीला चावी दिली, कानाला लावून ऐकलं, डाव्या मनगटावर बांधलं. मग काळं घड्याळ उचलून उजव्या हातात. "हे ऑफिसचं."

पट्टा एका भोकानं घट्ट बसत होता, मनगटावर वळ उठला होता. सैल केला. चार्जिंगची वेळ संध्याकाळी ७ ते ८.३०, तेव्हा आई आणि ते टीव्हीसमोर एकत्र असतात. आधी दुपारी झोपेच्या वेळी लावत होतो, आणि झोपून उठल्यावरच तर ते बाहेर पडतात. ही चूक महिनाभर कुणाच्या लक्षात आली नव्हती.

रविवार, २८ डिसेंबर

महिन्याभराचा हिशेब अण्णांसमोर बसून केला. डिसेंबरमध्ये एकूण चौदा सूचना. आठ ठरवून स्टँडवर गेलो तेव्हाच्या. चार `LBS` च्या खोट्या, चारही ढगाळ दिवशी आणि घरात असताना. ढगांचा संबंध नसावा, अण्णा त्या दिवशी आत बसून होते एवढंच. दोन खऱ्या, दोन्ही दादानं पाहिल्या.

वही वाचून दाखवली. "हे मी लिहिलंय?" त्यांनी विचारलं. अक्षर ओळखलं. पहिल्या तिन्ही अटी तशाच ठेवायला सांगितल्या. चौथीवर थांबले. मागचं उघडायचं नाही, ही. "कंट्रोलरनं मागची लॉगशीट पाहिलीच पाहिजे," म्हणाले आणि ती खोडली. मी दोनदा विचारलं. खोडलेलीच राहू दे म्हणाले. मी बाजूला पेन्सिलनं लिहून ठेवलं आहे: पुढच्या महिन्यात पुन्हा विचारणे.

वही परत ठेवताना दिसलं की मागच्या पानावर त्यांनी रकाने आखले आहेत. तारीख, सुटली, आली. मंगळवारपासून चार ओळी भरल्यात. कालच्या ओळीत "सुटली १५.१०", आणि "आली" रिकामं. ते आईनं भरलं, १६.५५.

राहिलेली कामं: घड्याळाच्या सिमचा रिचार्ज ९ जानेवारीला संपतो, ८ तारखेची आठवण ताईच्या आणि माझ्या, दोघांच्याही फोनवर लावायची. पट्ट्याची कडी झिजली आहे, दुसरी मागवायची. दादाच्या दुकानातल्या कामगाराला मंगळवारचे दोन तास जादा पैसे.